शादी हॉल, मदरसा, मशीद: पाहुण्याला एका नजरेत कळेल असा बाहेर पडण्याचा नकाशा

सावंतवाडीत निकाह किंवा वलीमा असला की हॉलमधले निम्मे लोक बाहेरगावचे असतात. कोणी आंबोली घाट उतरून कोल्हापूर-बेळगावहून आलेले, कोणी गोव्यातून, कोणी मुंबईहून कोकण रेल्वेने. त्यांना हॉलचं एकच दार माहीत असतं, ज्या दारातून ते आत आले ते. बायकांना वरच्या मजल्यावर न्यायचा जिना वेगळा असतो, म्हणून त्यांना फक्त तो जिना माहीत असतो. स्वयंपाकाला आलेल्या माणसांना भटारखान्याच्या पलीकडचं काहीच माहीत नसतं. धूर झाला, दिवे गेले, तर यातला प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या वाटेकडेच धावणार.

हा अंदाज नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी ‘द स्टेशन’ नाइट क्लबला आग लागली आणि १०० माणसं गेली. इमारतीला इतर दारं होती, पण बहुसंख्य लोक आत आलेल्या मुख्य दाराकडेच वळले आणि तिथेच कोंडले गेले. आपल्या शेजारी, गोव्यातल्या हडफडे इथे डिसेंबर २०२५ मध्ये नाइट क्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यात पाहुण्यांपेक्षा तिथे काम करणारी माणसं जास्त होती. आपले हॉल म्हणजे काही नाइट क्लब नव्हेत. पण अनोळखी इमारत, गर्दी आणि एकाच दाराची ओळख, हे तीन मुद्दे दोन्हीकडे सारखेच आहेत.

भिंतीवर लावायचा ‘बाहेर पडण्याचा नकाशा’ (इव्हॅक्युएशन प्लॅन) या तिसऱ्या मुद्द्यासाठी असतो. पाहुण्याला दुसऱ्या दाराची ओळख करून द्यायची, एवढंच त्याचं काम. हा नकाशा कसा काढायचा, कुठे लावायचा आणि तो बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं, ते आम्ही इथे एका नमुन्याच्या हॉलवरून सांगतो.

हॉटेलातला किब्ल्याचा बाण आठवा

नकाशा काढताना सगळ्यात जास्त चूक होते ती दिशेची. हॉलचं बांधकाम करणाऱ्या इंजिनिअरकडे कागदी प्लॅन असतो, त्यात उत्तर दिशा वर असते. कमिटी त्याच्याच चार झेरॉक्स काढते, लॅमिनेट करते आणि चार भिंतींवर चिकटवते. काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला एखादाच नकाशा खरं बोलत असतो, बाकीचे चुकीची वाट दाखवत असतात.

असं का होतं, हे आपल्या वाचकांना समजावणं सोपं आहे. प्रवासात हॉटेलच्या खोलीत छतावर किंवा टेबलाच्या खणात किब्ल्याचा बाण असतो. तो बाण त्या खोलीत, त्या जागी बसवलेला असतो म्हणून खरा असतो. तोच स्टिकर काढून समोरच्या भिंतीवर लावला, तर बाण तोच राहील पण किब्ला चुकेल. बाहेर पडण्याच्या नकाशाचंही अगदी तसंच आहे. तो ज्या भिंतीवर लावायचा, त्या भिंतीसाठीच काढावा लागतो.

नियम एका ओळीचा आहे. नकाशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पुढे जे आहे, ते कागदावर वर असलं पाहिजे. त्याच्या उजव्या हाताला जे आहे, ते कागदावर उजवीकडे असलं पाहिजे. उत्तर-दक्षिणेचा इथे काही संबंध नाही. पाहुण्याला सावंतवाडीत उत्तर कुठे हे ठाऊक नसतं, स्वतःचा उजवा हात मात्र ठाऊक असतो. अशा नकाशांसाठी आयएसओ २३६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही पाहणाऱ्याच्या दिशेप्रमाणेच नकाशा फिरवून लावायला सांगितलं आहे.

नमुन्याचा हॉल

समजा, जमातीचा एक दोन मजली हॉल आहे. पूर्व-पश्चिम लांबी २४ मीटर, उत्तर-दक्षिण रुंदी १२ मीटर. पश्चिमेची भिंत किब्ल्याची, तिथे दार नाही. मुख्य दार पूर्वेला, त्याला ‘अ’ म्हणू. ते अंगणात उघडतं, आणि अंगणाचं फाटक पूर्वेच्या रस्त्यावर. दुसरं दार ‘ब’ दक्षिणेच्या भिंतीला, पण पश्चिमेकडच्या टोकाशी. ते बाजूच्या गल्लीत उघडतं. भटारखाना आणि गॅसची सिलिंडरं उत्तरेला.

वरच्या मजल्यावर बायकांची बैठक. वर जायला दोन जिने. पहिला जिना आतून, ईशान्येच्या कोपऱ्यात, मुख्य दाराजवळ उतरणारा. खालून जेवण वर नेणारी मुलं तो वापरतात. दुसरा जिना बाहेरून, नैर्ऋत्येला, दक्षिणेच्या भिंतीतल्या दारातून गल्लीत उतरणारा. बायका याच जिन्याने येतात-जातात. खाली १८० माणसं, वर १२०, एकूण ३०० धरू.

अशा इमारतीला कमीत कमी चार नकाशे लागतील: खाली ‘अ’ दाराशी एक, ‘ब’ दाराशी एक, आणि वर दोन्ही जिन्यांच्या दाराशी एकेक. भटारखान्यात पाचवा लावावा. आचारी आणि त्याची माणसं हीसुद्धा बाहेरचीच असतात आणि आगीच्या सगळ्यात जवळ तीच असतात.

कागदावर मोजमाप

एक मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे १:१०० हे प्रमाण धरलं तर आपला हॉल कागदावर २४ बाय १२ सेंटीमीटर येतो. ए-३ कागद ४२ बाय २९.७ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे नकाशा आरामात बसतो, वर मथळ्याला आणि कडेला चिन्हांच्या खुलाशाला जागा राहते. ए-४ वर हे सगळं कोंबू नये. तेवढा छोटा कागद हॉटेलच्या एका खोलीच्या दाराआड चालतो, शादी हॉलला नाही.

आता पहिला नकाशा घेऊ. तो ‘अ’ दाराशेजारी पूर्वेच्या भिंतीवर आहे. समोर उभा राहणारा पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. म्हणून कागदावर पूर्व वर. मुख्य दार वरच्या कडेला येईल, किब्ल्याची भिंत खाली, भटारखाना डावीकडे, गल्ली उजवीकडे. हॉलची लांब बाजू उभी आली, म्हणून कागदही उभा धरायचा.

दुसरा नकाशा ‘ब’ दाराशेजारी दक्षिणेच्या भिंतीवर. इथे पाहणाऱ्याचं तोंड दक्षिणेकडे. म्हणून दक्षिण वर, पश्चिम उजवीकडे, पूर्व डावीकडे, भटारखाना खाली. हॉल आता आडवा झाला, कागदही आडवा. म्हणजे एकाच मजल्याचे दोन नकाशे, पण एक उभा आणि एक आडवा. तुमच्या हॉलमधले सगळे नकाशे हुबेहूब एकसारखे दिसत असतील, तर ते सगळे बरोबर असणं कठीण आहे, हे एका नजरेत ओळखता येतं.

आता चुकीच्या झेरॉक्सने काय होतं ते वरच्या मजल्यावर पाहू. बाहेरच्या जिन्याच्या दाराशी, दक्षिणेच्या भिंतीवर नकाशा आहे. समजा खाली गल्लीत ठेवलेला जनरेटर पेटला आणि त्या जिन्यात धूर भरला. मुंबईहून आलेल्या बाईंना हा एकच जिना माहीत होता, आता दुसरा शोधायचा आहे. तो ईशान्येला, म्हणजे त्यांच्या पाठीमागे डाव्या हाताला आहे. बरोबर नकाशात तो खाली डावीकडे दिसेल. त्या मागे वळतील आणि बैठक ओलांडून जिन्यापाशी पोचतील.

पण तिथे पूर्वेच्या भिंतीसाठी काढलेल्या नकाशाची झेरॉक्स असेल, आणि फक्त ‘तुम्ही इथे आहात’ हा ठिपका हलवून लावलेला असेल, तर दुसरा जिना कागदावर वर डावीकडे दिसेल. म्हणजे पुढे आणि डावीकडे. पुढे तर भिंत. मग त्या भिंतीच्या कडेने डावीकडे जातील आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात पोचतील, जिथे खिडकीशिवाय काही नाही. बरोबर मुलं असतील तर तीही त्यांच्या मागोमाग त्याच कोपऱ्यात. असा नकाशा लावण्यापेक्षा भिंत कोरी ठेवलेली बरी, कारण कोरी भिंत निदान खोटं सांगत नाही.

चिन्हं: थोडी आणि जगभर तीच

पाहुण्याला वाचत बसायला लावू नये. मराठी न येणारा गोव्याचा आचारी, चष्मा विसरलेले बुजुर्ग, सहावीतला मुलगा, तिघांनाही चित्र पाहून कळलं पाहिजे. म्हणून स्वतःची चिन्हं तयार करू नयेत. आयएसओ ७०१० या मानकातली चिन्हं विमानतळावर, मॉलमध्ये, इस्पितळात सगळीकडे दिसतात, तीच घ्यावीत. आपल्या कामाला सहा पुरेशी आहेत.

पहिलं, हिरव्या पाटीवर दाराकडे धावणारा पांढरा माणूस, म्हणजे बाहेर जायचं दार. जपानचे रचनाकार युकिओ ओता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या चिन्हाला रूप दिलं आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकात गेलं. याचे दोन प्रकार आहेत, डावीकडे धावणारा आणि उजवीकडे धावणारा. बाजारात मिळणारा स्टिकर न पाहता आणला जातो आणि मग माणूस डावीकडे धावतोय, शेजारचा बाण मात्र उजवीकडे दाखवतोय, असं होतं. दोघांची दिशा एकच हवी.

दुसरं, वाटेचे हिरवे बाण. तिसरं, जमण्याच्या जागेचं चिन्ह: मधोमध माणसांचा घोळका आणि चारही कोपऱ्यांतून त्याच्याकडे येणारे बाण. चौथं, लाल चौकोनात अग्निशामक सिलिंडर. पाचवं, हिरव्या चौकोनात पांढरं अधिक चिन्ह, म्हणजे प्रथमोपचार. सहावं, निळा ठिपका, ‘तुम्ही इथे आहात’. हा ठिपका निळा असण्याचं कारण असं की नकाशावर दुसरं काहीच निळं नसतं, त्यामुळे नजर आधी तिथे जाते आणि मग हिरव्या वाटेला लागते.

मानकानुसार नकाशावरचं चिन्ह ७ मिलिमीटरपेक्षा आणि अक्षर २ मिलिमीटरपेक्षा लहान नसावं. हे अगदी कमीत कमी झालं. ए-३ वर जागा आहे, तर चिन्हं १० मिलिमीटरची करावीत आणि अक्षरं ठळक घ्यावीत. पार्श्वभूमी पांढरी, भिंती काळ्या जाड रेषेत, बाहेर जायची वाट फिकट हिरव्या पट्ट्यात आणि बाण गडद हिरवे. काही पुरुषांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये, आकारातूनही अर्थ कळला पाहिजे.

आपल्या इमारतींत आणखी एक अडचण असते. मशीद, मदरसा, जमातखाना, आपल्याकडे बऱ्याच भिंती हिरव्याच रंगवलेल्या असतात. हिरव्या भिंतीवर हिरवी पाटी विरघळून जाते. पाटीभोवती दोन बोटं रुंद पांढरी पट्टी ठेवावी किंवा मागे पांढरा फलक लावावा, मग ती लांबून उठून दिसते.

नकाशातून काय काढून टाकायचं हेही महत्त्वाचं. इंजिनिअरच्या प्लॅनमधली मापं, संडासाच्या पाइपलाइन, पंख्यांच्या जागा, खुर्च्यांच्या रांगा, देणगीदारांची नावं, यातलं काही नको. भिंती, दारं, जिने, वाटा आणि सहा चिन्हं. लिफ्ट असेल तर ती दाखवून त्यावर ‘आगीत वापरू नका’ एवढं लिहावं.

जमण्याची जागा: सगळ्यांना एकच

आपल्या हॉलमध्ये हा प्रश्न इतरांपेक्षा नाजूक आहे. नवरा खाली, बायको वर, मुलं दोन्हीकडे धावपळ करणारी. आग लागल्यावर पुरुष अंगणात आले आणि बायका गल्लीत गेल्या, तर बाप मुलीला शोधायला पुन्हा आत शिरणार. बाहेर सुखरूप आलेला माणूस परत आत जाऊ नये, यासाठीच जमण्याची जागा असते. म्हणून पडद्याची सोय हॉलमध्ये असू दे, पण जमण्याची जागा दोघांना एकच ठेवा. वाटल्यास त्याच जागेत दोन कडा ठरवा, एकमेकांना दिसतील अशा.

आमच्या नमुन्याच्या हॉलला तीन जागा सुचतात. अंगण सगळ्यात जवळचं, पण अग्निशमन दलाची गाडी त्याच फाटकातून आत येणार. ३०० माणसं आणि त्यांच्या गाड्या तिथे उभ्या असतील तर बंब रस्त्यावरच अडकेल. उत्तरेची मोकळी जागा सिलिंडरांच्या शेजारी, ती बाद. तिसरी, दक्षिणेच्या गल्लीपलीकडचं मोकळं आवार, ज्याचा प्रवेश गल्लीच्या पूर्वेकडच्या टोकाला आहे. ‘अ’ दारातून बाहेर आलेला माणूस उजवीकडे वळून इमारतीच्या कोपऱ्यावरून तिथे जातो, ‘ब’ दारातला गल्लीने तिथेच पोचतो. दोन्ही वाटा बंबाच्या वाटेत येत नाहीत. ही जागा ठरली.

जागा पुरेल का, तेही मोजावं. उभ्या माणसाला अर्धा चौरस मीटर धरला तर ३०० जणांना १५० चौरस मीटर लागतात, म्हणजे साधारण १० बाय १५ मीटर. इमारतीपासूनचं अंतर निदान तिच्या उंचीपेक्षा जास्त हवं. आवार दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर लेखी परवानगी घ्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याचं फाटक उघडं राहील हे पाहा. आणि जून ते सप्टेंबरमध्ये एकदा जाऊन बघा. उन्हाळ्यात ठरवलेली जागा आपल्याकडच्या पावसात गुडघाभर पाण्यात असू शकते.

मोजदाद कोण करणार हेही आधीच ठरवा: पुरुषांकडून एक, बायकांकडून एक आणि आचाऱ्यांकडून एक. ३०० पाहुण्यांची नावं कोणाकडे नसतात. म्हणून साधा मार्ग असा की तिथे पोचल्यावर प्रत्येकाने आपल्या घरची माणसं मोजायची आणि कमी असेल तर या तिघांपैकी एकाला सांगायचं. ती माहिती बंबाबरोबर आलेल्या जवानांना द्यायची, स्वतः आत जायचं नाही.

कुठे लावायचा

धूर झाल्यावर कोणी नकाशा वाचत नाही. नकाशा वाचला जातो तो त्याआधी, माणूस रिकामा उभा असताना. आपल्याकडे लोक कुठे रिकामे उभे असतात? चपला काढतात तिथे, वजूखान्याच्या रांगेत, जेवणाची सफ उठायची वाट बघताना, जिन्याच्या तोंडाशी. नकाशा तिथेच हवा. आम्ही वर दारांजवळच्या जागा दिल्या, त्याचं कारण हेच.

किब्ल्याच्या भिंतीवर लावू नये. नमाजात समोर रंगीत कागद आला तर लक्ष जातं, आणि त्या भिंतीला दारही नसतं. बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर, नकाशाचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असा लावावा, म्हणजे उभ्या माणसाला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसतो. कोकणच्या ओलीत साधा कागद महिन्याभरात फुगतो. जाड प्लास्टिकच्या पत्र्यावर छापून घ्यावा आणि चिकटपट्टीऐवजी चार स्क्रूंनी बसवावा. स्क्रूचा फायदा असा की सजावटवाला तो सहज काढून दुसऱ्या भिंतीवर लावू शकत नाही.

लग्नात हमखास होणारी गोष्ट म्हणजे सजावटीचा पडदा नकाशावर आणि ‘ब’ दारावर येतो. हॉल भाड्याने देताना पावतीवरच लिहावं की दार, नकाशा आणि अग्निशामक सिलिंडर झाकायचं नाही. मुख्य दारातला चपलांचा ढीग ही दुसरी गोष्ट. दोनशे जोड चपला दाराच्या तोंडाशी असतील तर अंधारात पहिला माणूस अडखळतो आणि मागचे त्याच्यावर पडतात. चपलांचं कपाट दाराच्या बाजूला हवं, आणि नकाशा त्याच्याच वर.

नकाशा खरा ठेवणं

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या घालून बाहेर पडायची वाट बंद केली गेली होती. नकाशावर दाखवलेलं दार कुलूपबंद असेल तर आपण पाहुण्याला जाणूनबुजून बंद दाराकडे पाठवतो. चोरीच्या भीतीने ‘ब’ दाराला कुलूप लावायची सवय असेल, तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आत ते काढणं हे एका माणसाचं नाव घेऊन सोपवलेलं काम असावं. आतून नुसत्या दांड्याने ढकलून उघडेल अशी कडी बसवली तर हा प्रश्नच मिटतो. बाहेरच्या जिन्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. तो घासून घेतला नाही तर नकाशातली हिरवी वाट प्रत्यक्षात घसरगुंडी होते.

कायद्याचं बोलायचं तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीपासूनच्या उपाययोजना चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा ती वापरणाऱ्यावर आहे. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, नमुना ‘ब’ चं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हीच दोन वेळापत्रकं नकाशासाठीही धरावीत. दर जानेवारी-जुलैला नकाशा हातात घेऊन एक फेरी मारायची. नवीन भिंत, हललेलं दार, बदललेलं सिलिंडर दिसलं की नकाशा नवीन छापायचा आणि कोपऱ्यात तारीख घालायची. नकाशा म्हणजे आगीचा परवाना नव्हे, आणि इमारतीला मुळात दुसरं दारच नसेल तर कितीही चांगला नकाशा ते तयार करू शकत नाही. तिथे आधी गवंडी बोलवावा लागेल.

तपासणी: दहा सेकंद आणि एक बोट

नकाशा बरोबर झाला की नाही, हे कमिटीने ठरवू नये. कमिटीतल्या सगळ्यांना हॉल पाठ असतो, त्यांना चुकीचा नकाशाही बरोबर वाटतो. हॉलमध्ये कधीच न आलेल्या तिघांना बोलवा: एक दहा-बारा वर्षांचं मूल, एक वयस्क बाई आणि एक मराठी न वाचता येणारा माणूस. एकेकाला नकाशासमोर उभं करा, दहा सेकंद पाहू द्या, मग नकाशा झाका आणि दोनच प्रश्न विचारा. ‘जवळचं दार बंद असेल तर कुठे जाल?’ आणि ‘बाहेर कुठे थांबाल?’ उत्तर तोंडाने नको, हाताने दिशा दाखवू द्या.

तिघांनीही बरोबर दिशा दाखवली तर नकाशा पास. एकानेही डोकं वाकडं करून कागद मनात फिरवायचा प्रयत्न केला, तर समजावं की दिशा चुकली आहे. बोट बरोबर पण जमण्याची जागा सांगता आली नाही, तर ते चिन्ह लहान आहे किंवा गर्दीत हरवलं आहे. ही तपासणी प्रत्येक भिंतीवरच्या नकाशासमोर वेगळी करायची. मग एकदा इशानंतर मेन स्विच बंद करून तीच वाट चालून पाहा. अंधारात कुठल्या वळणावर पाय थबकतो, तिथे बॅटरीवर चालणारा दिवा आणि धावत्या माणसाची पाटी लागते. नकाशा वाट दाखवून देतो, पुढे प्रत्येक वळणावर ती वाट सांगत राहायचं काम या पाट्यांचं.

शेवटचं काम माइकवरचं. निकाहचा खुत्बा सुरू व्हायच्या आधी सूचना देणारा माणूस ‘मोबाइल बंद ठेवा’ असं सांगतोच. त्याला एक वाक्य वाढवून द्यायचं, वरच्या मजल्यावरही ऐकू जाईल असं: ‘या हॉलला दोन दारं आणि दोन जिने आहेत, दुसरं दार किब्ल्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला पुढे आहे, आणि काही झालं तर सगळ्यांनी गल्लीपलीकडच्या आवारात जमायचं आहे.’ आणि आग दिसली तर आधी सगळ्यांना बाहेर काढून मग १०१ किंवा ११२ ला फोन करण्यापेक्षा, बाहेर काढणारे बाहेर काढू देत आणि एकाने त्याच क्षणी फोन करावा. तो एक जण कोण, हेही कार्यक्रमाआधीच ठरलेलं असावं.